सात पोर्टचा अ‍ॅडॅप्टरवाला यूएसबी हब: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा हब घ्यायचं कारण म्हणजे आधीचा चार पोर्टचा हब. त्याला कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडलेली असायची. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं आणि मग एखाद्या मीटिंगमध्ये डिस्क गायब. कधी कधी चारही उपकरणं एकदमच जायची आणि दोन सेकंदांत परत यायची. हीच मुख्य खूण. एकच उपकरण जात असेल तर त्याची केबल बघा. सगळी एकदम जात असतील तर हबकडे येणारी वीज किंवा त्याची मुख्य केबल बघा. मी केबल बदलली, फरक शून्य.

लिनक्सवर हे तपासलं:

```
sudo lsusb -v | grep -E "^Bus|Self Powered|MaxPower"
```

डिस्कची मागणी ८९६ मिलिअँपिअर, वेबकॅमची ५००, कीबोर्ड आणि माउसची प्रत्येकी १००. बेरीज १५९६. लॅपटॉपचा साधा यूएसबी ३ पोर्ट देतो ९००, आणि हब स्वतः खातो ते वेगळंच. हे आकडे कमाल मागणीचे असतात. प्रत्यक्षात सगळे मिळून कमीच खेचतात, म्हणून एरवी भागतं. पण झोपलेली डिस्क जागी होऊन फिरायला लागते तेव्हा क्षणभर भरपूर करंट ओढते. त्याच वेळी वेबकॅम चालू असला की व्होल्टेज बसतं आणि हब रीसेट होतो. म्हणून बिघाडाला वेळकाळ नाही असं वाटतं.

मग सिस्टिमने आधीच हरकत का घेतली नाही? त्या हबला अ‍ॅडॅप्टर सोडाच, त्याची पिनसुद्धा नव्हती, तरी त्याच्यासमोर चक्क `Self Powered` लिहिलेलं होतं. हब म्हणतो माझी वीज माझ्याकडे आहे, सिस्टिम विश्वास ठेवते, हिशेबच होत नाही. स्वस्त हबमध्ये हा खोटेपणा सर्रास आढळतो.

नव्या हबचा अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा आहे. तीच चार उपकरणं जोडून रात्रभर बॅकअप चालवतो. डिस्क अजून एकदाही सुटलेली नाही. घेताना पोर्ट किती यापेक्षा अ‍ॅडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा बघा. सात पोर्ट आणि २ अँपिअर अशी जोडी दिसली तर दोन डिस्कांची आशा सोडा.

फक्त कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी मात्र यावर पैसे घालवू नयेत. त्यांना साधा हब पुरतो. आणि डिस्क एकच असेल तर ती सरळ लॅपटॉपला लावा, बाकीचं हबवर. फुकटातला उपाय आहे.

तक्रारी दोन. निळा दिवा रात्री डोळ्यांत खुपतो, त्यावर काळी टेप चिकटवली. अ‍ॅडॅप्टरची वायर आखूड आहे, त्यामुळे टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड आलाच. उलट बाजूने वीज लॅपटॉपकडे ढकलण्याचा दोष काही हबमध्ये असतो. तो तपासायला रास्पबेरी पाय जोडून त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर काढला. त्याचा लाल दिवा लगेच विझला, म्हणजे इथे तो दोष नाही.