तपासात अडकलेला टर्म प्लॅनचा दावा आणि आमचे दुसरे पत्र

माझ्या दादाने १२ जून २०२२ रोजी पन्नास लाखांचा टर्म प्लॅन घेतला होता. २१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे इंदूरच्या आमच्या घरी त्याच्या छातीत कळ आली आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. वारसदार म्हणून वहिनीचे नाव होते, पण कागद हाताळण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती, म्हणून पत्रव्यवहार मी केला. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते त्या पत्राविषयी.

४ नोव्हेंबरला आम्ही दाव्याची सूचना दिली. नगर निगमाचा मृत्यू दाखला, मूळ पॉलिसी, वहिनीची ओळखपत्रे आणि रद्द केलेला धनादेश सोबत जोडला. पॉलिसी घेऊन तीन वर्षे पूर्ण झाली नसतील, तर असा दावा कंपन्या बहुधा तपासाला पाठवतात, हे शाखेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि त्यात मला गैर काही वाटले नाही. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करू शकत नाही. त्याआधी मात्र प्रस्ताव अर्जात महत्त्वाची माहिती लपवली होती का, हे तिला पाहता येते. दादाच्या पॉलिसीला दोन वर्षे चार महिने झाले होते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका बाहेरच्या संस्थेचा तपासनीस घरी आला. मी कामावर होते आणि वहिनी बँकेत गेली होती, त्यामुळे तो आईशी बोलला. आईला हिंदी समजते, पण त्या दिवसांत तिचे कशातच लक्ष नसे. त्याने विचारले, “घर में किसी को शुगर है?” आई म्हणाली, “हो, आहे.” ती स्वतःबद्दल बोलत होती, गेली नऊ वर्षे तिला मधुमेह आहे आणि तिच्या गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असते. त्याने त्या पट्टीचा फोटो घेतला, हिंदीत एक जबाब लिहिला आणि आईची सही घेतली. तिने तो वाचला नाही आणि त्याची प्रतही आमच्याकडे राहिली नाही.

पुढचे दोन महिने आम्ही या एका कागदापायी काढले, पण कारण मात्र आम्हाला कोणी सांगत नव्हते. फोन केला की “प्रोसेस में है” एवढेच उत्तर मिळे. मध्येच पत्र आले की शवविच्छेदनाचा अहवाल द्या. रुग्णालयाने शवविच्छेदन केलेच नव्हते, त्यामुळे देण्यासारखा अहवालच नव्हता. तसे आम्ही फोनवर सांगितले, तरी दोन आठवड्यांनी तीच मागणी पुन्हा आली. मग पीथमपूरच्या कारखान्यातल्या रजांची नोंद मागितली. एकेक कागद असा वेगवेगळ्या तारखांना मागितला जात असे आणि दर वेळी घड्याळ नव्याने सुरू झाल्यासारखे वाटे.

२१ डिसेंबरला मी पहिले पत्र लिहिले. त्यात दादा कसा होता, घर कसे चालत होते, भाचीची बारावी आहे, असे सगळे होते. ते सगळे खरे होते, पण आठवड्याने आलेल्या उत्तरात “प्रकरण तपासाधीन आहे” एवढ्या एका ओळीपलीकडे काही नव्हते. त्या पत्रात उत्तर द्यावे लागेल असा एकही प्रश्न नव्हता, हे मला नंतर कळले.

३ जानेवारीचे दुसरे पत्र मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर्ड डाकेने पाठवले. ते हिंदीत होते आणि त्यातला मुख्य भाग असा होता:

“दाव्याची सूचना आपल्याला ४ नोव्हेंबरला मिळाली. विमा नियामकाच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, ज्या मृत्यूदाव्यात तपास आवश्यक आहे त्याचा निर्णय सूचनेपासून ४५ दिवसांत व्हायला हवा. ती मुदत १९ डिसेंबरला संपली आहे. शवविच्छेदन झालेले नाही, याचे रुग्णालयाचे लेखी पत्र सोबत जोडले आहे. पॉलिसी देण्यापूर्वी आपणच करवलेल्या वैद्यकीय तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.४ आली होती. विमाधारकाला प्रस्तावाच्या तारखेपूर्वी मधुमेह होता असे आपले म्हणणे असेल, तर त्याचा आधार असलेला कागद आणि तपासनिसाने घेतलेल्या जबाबाची प्रत आम्हाला लेखी द्यावी.”

मधुमेहाचा उल्लेख मी अंदाजाने केला नव्हता. तपासनिसाने काय काय विचारले, हे मी आईला शांतपणे पुन्हा विचारले तेव्हा गोळ्यांच्या फोटोची गोष्ट बाहेर आली. म्हणून पत्रासोबत आईच्या औषधांची चिठ्ठी, तिच्या नावाची जुनी बिले आणि तिचे एक पानी निवेदन जोडले. पॉलिसीच्या बाडात प्रस्ताव अर्जाची प्रत आणि तपासणीचा अहवाल होता. दादाने ते बाड नीट जपले होते, म्हणून ५.४ हा आकडा मला हातात धरून लिहिता आला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. दादाला अर्ज भरण्याआधीच साखर असती आणि त्याने ती लिहिली नसती, तर या पत्राचा उपयोग झाला नसता. कंपनीने काय सिद्ध करायचे आहे ते त्या पत्राने तिच्यासमोर ठेवले, एवढेच. ४५ व्या कलमाखाली दावा नाकारायचा तर कारणे आणि आधार लेखी कळवावे लागतात, आणि आमच्या बाबतीत तसा आधारच नव्हता.

तक्रारीसाठी असलेल्या १४ दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून १८ जानेवारीला नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तेच पत्र जोडून तक्रार नोंदवली. विमा लोकपालांच्या भोपाळ कार्यालयासाठी अर्जही तयार ठेवला होता. कंपनीने महिनाभर उत्तर दिले नाही किंवा दावा नाकारला, तर तिथे शुल्क न भरता जाता येते. ते पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात आणि आमची रक्कम नेमकी त्या मर्यादेत बसत होती. तो अर्ज शेवटी वापरावा लागला नाही.

२९ जानेवारीला कंपनीच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांनी आईशी थेट बोलायचे म्हटले, तेव्हा मी जवळ बसले आणि मराठीतून प्रश्न पुन्हा सांगितले. ते पाच मिनिटांत म्हणाले, “माताजी, वह दवाई आपकी है, यही लिखना रह गया था।” आई फोन ठेवल्यावर बराच वेळ रडली, कारण आपल्या एका “हो” मुळे सुनेचे पैसे अडले असे तिला वाटत होते. तिची चूक नव्हती, हे मी तिला अजूनही सांगते. विचारणाऱ्याने “कोणाला?” हा एक शब्द विचारायचा होता.

१० फेब्रुवारीला, म्हणजे सूचनेपासून ९८ व्या दिवशी, वहिनीच्या खात्यात पन्नास लाख जमा झाले. विलंबाचे व्याज त्यात नव्हते. नियमाप्रमाणे ते बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त असते. त्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे ८.७५ टक्क्यांनी दिवसाला सुमारे बाराशे रुपये होतात. हा हिशोब जोडून तिसरे पत्र गेले आहे आणि त्याची पोच वहिनीने त्याच बाडात, प्रस्ताव अर्जाच्या मागे लावून ठेवली आहे.