ओळखीचे घर की नवे गिऱ्हाईक : इंदुरात भाजणी-मसाल्याचे दुकान काढणाऱ्यांसाठी

सुदामा नगर, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगर या भागांत राहणाऱ्या आणि थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला असा माल घरून विकणाऱ्या अनेकांना कधी ना कधी दुकान काढावेसे वाटते. अशा वेळी पाटीवर नाव काय घालावे, हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारावयास हवा. माल कोणासाठी आहे हे ठरले, की त्या माणसाने आपल्याकडेच का यावे हे ठरवता येते. यालाच व्यापारात पोझिशनिंग म्हणतात. त्यानंतर नाव, पाकीट, भाव आणि बोलणे यांतून गिऱ्हाइकाच्या मनात जी खूण पक्की होते, तो ब्रँड. हा क्रम उलटला, तर सुंदर पाटी लागते आणि लोक आत येऊन शेव मागतात.

या धंद्यात दोन वाटा आहेत. पहिली वाट मराठी घरांची. दुसरी वाट अशा इंदुरी गिऱ्हाइकाची, ज्याने थालीपीठ एखाद्या मराठी शेजाऱ्याकडे खाल्ले असेल, पण भाजणी कधी विकत घेतलेली नाही. सर्वांसाठी नमकीन आणि मिठाई ही तिसरी वाट मी विचारात घेत नाही, कारण जिरावन आणि शेव ज्या शहराच्या सकाळच्या पोह्यांवरच पडते, तेथे नवख्याने त्या मालात उतरून जुन्या दुकानांशी भावावर झुंजण्यात अर्थ नाही.

मराठी घरातील गिऱ्हाइकाला भाजणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, आणि तीच अडचणही आहे. ती बाई पाकीट नाकाशी नेते, धने-जिरे कितपत भाजले आहेत ते वासावरून ओळखते आणि कधी दळली, असे विचारते. तिची तुलना दुसऱ्या दुकानाशी नसून स्वतः धान्य भाजून चक्कीवर नेण्याशी असते. म्हणून भाव फार चढवता येत नाही. तिच्यासमोर आपली जागा "पारंपरिक चव" या शब्दांनी तयार होत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. "प्रत्येक धान्य वेगळे भाजलेले, याच आठवड्यात दळलेले, उपवासाचे पीठ धुतलेल्या वेगळ्या चक्कीवर" असे तपासून पाहता येईल ते सांगावे लागते आणि पाळावे लागते. उपवासाच्या भाजणीत गव्हाच्या पिठाचा अंश आल्याचा संशय एकदा जरी पसरला, तरी ते घर परत येत नाही, आणि शेजारची दोन घरेही जातात.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला दळल्याची तारीख फारशी खुणावत नाही. त्याला हे काय आहे आणि याचे करायचे काय, हे कळायला हवे. त्याच्या पाकिटावर हिंदीत चार ओळींची कृती हवी आणि किती पिठाला किती पाणी हे त्यात स्पष्ट हवे. साहित्याच्या यादीतही वरी न लिहिता मोरधन लिहावे, कारण इंदुरात ते त्याच नावाने मागतात. हा माणूस किलोभर घेत नाही, तर पाव किलो घेऊन पाहतो. मात्र घरी करण्याशी त्याची तुलना नसल्यामुळे तो किलोमागे जास्त भाव देतो. त्याच्यासमोर आपली जागा "दहा मिनिटांत होणारा, तळणाशिवायचा नाश्ता" अशी असू शकते. तीच भाजणी मराठी घरात अशा शब्दांत विकायला गेलात, तर लोक हसतील.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापले घालून पाहावेत. समजा, धान्य, दळण, मजुरी धरून भाजणीला किलोमागे २१० रुपये पडतात आणि मराठी घरांना ती २८० रुपयांनी विकली जाते. बाकी मालावरही हेच प्रमाण धरू. महिन्याला १५० घरांनी प्रत्येकी ६०० रुपयांचा माल नेला, तर विक्री ९०,००० आणि नफा २२,५०० रुपये होतो. अशी घरे शोधत गल्लीत येतात, त्यामुळे आतल्या रस्त्यावरचे १०,००० रुपये भाड्याचे दुकान चालते. हाती १२,५०० उरतात.

दुसऱ्या वाटेवर पाव किलोचे पाकीट १०० रुपयांना जाते. माल साडेबावन्न रुपयांचा, पाकीट आणि लेबल साडेसात रुपयांचे, म्हणजे सुटतात ४० रुपये. महिन्याला ९०० पाकिटे खपली तर विक्री तीच, पण नफा ३६,००० रुपये. परंतु हे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता-येता येते, म्हणून मोठ्या रस्त्यावरचे २५,००० भाडे आले आणि चव देण्यासाठी, समजावून सांगण्यासाठी आणखी ८,००० गेले. उरले ३,०००. वरवर पाहता पहिली वाटच शहाणपणाची दिसते. तथापि दुसरीकडे रोज तीस पाकिटांऐवजी अडतीस खपली, की दोन्ही वाटा सारख्या होतात आणि त्यापुढचे प्रत्येक पाकीट चाळीस रुपये देते. उलट मराठी घरे आपल्या पोहोचेत मोजकीच असतात आणि त्यांतील मुले पुण्याला किंवा परदेशी गेली की घरटी खपही घटतो.

माझे मत असे, की भांडवल थोडे असेल आणि घरून विक्रीचा अनुभव असेल, तर सुरुवात मराठी घरांपासून करावी. पण आपल्याकडे खरोखर तशी घरे आहेत का, हे दुकानापूर्वी पाहावे. एका वहीत दोन महिने गिऱ्हाइकांची नावे लिहावीत आणि आठवण न करून देता दुसऱ्यांदा कोण आले, त्यांच्यापुढे खूण करावी. नातेवाईक आणि भिशीतील मैत्रिणी यांच्या पहिल्या खरेदीला बाजार समजू नये. त्या भिडेखातर घेतात. खुणा थोड्या असतील, तर दोष पाटीचा नसून भाजणीचा किंवा भावाचा आहे.

नाव ठरवताना दुसऱ्या वाटेची शक्यता उघडी ठेवावी. हिंदी भाषकाला उच्चारता न येणारा ळ नावात नसावा, आणि "घरगुती मसाले" यांसारखे केवळ मालाचे वर्णन करणारे नाव घेऊ नये, कारण तशा नावाची ट्रेडमार्क नोंदणी सहसा नाकारली जाते. दुकान नोंदणीच्या कागदावर नाव आले म्हणजे ते आपले झाले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पीठ आणि मसाले ट्रेडमार्कच्या ३० क्रमांकाच्या वर्गात येतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. अर्जापूर्वी तेच किंवा तसेच ऐकू येणारे नाव त्या वर्गात आधीपासून आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर शोधावे. नोंदणी हाती येईपर्यंत पाकिटावर ® छापू नये. तो गुन्हा ठरतो. तोवर ™ चालते.

पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे झाल्यास नाव तेच ठेवून पाव किलोचे हिंदी पाकीट वेगळ्या रंगात काढावे आणि ते आपल्या गल्लीत न विकता मोठ्या रस्त्यावरच्या एखाद्या किराणा दुकानात ठेवावे. तेथे दुकानदाराला कमिशन द्यावे लागेल, परंतु २५,००० रुपयांच्या भाड्याचा धोका टळेल, आणि रोज अडतीस पाकिटे खपतात की नाही हेही कळेल.