वर्क-एनर्जीची न्युमेरिकल्स: K+U लावायचं की थेट W = ΔK?

अकरावीत हा चॅप्टर झाला की सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, अडतं ते गणिताला हात कुठून घालायचा इथे. वाटा तीन आहेत, नुसती गतिज ऊर्जा, नाहीतर गतिज अधिक स्थितिज म्हणजे K+U आधी आणि नंतर सारखं मांडायचं, नाहीतर सगळ्या फोर्सेसचं वर्क काढून ते ΔK बरोबर ठेवायचं. बरीच वर्षं मुलांच्या वह्या बघतोय त्यावरून माझं मत झालंय, तुमचं वेगळं असू शकतं.

नुसत्या K चं काम लवकर संपतं. मोमेंटम दिलंय आणि ऊर्जा विचारलीय तर K = p²/2m, म्हणूनच बंदूक आणि गोळीचं मोमेंटम सारखं असलं तरी जवळजवळ सगळी ऊर्जा हलक्या गोळीकडे जाते. यापुढे ती एकटी फारशी कामाला येत नाही, खरी निवड उरलेल्या दोघांतच आहे.

आता हे गणित घ्या. 1 किलोचा ब्लॉक, खाली उभी स्प्रिंग, k = 400 N/m, स्प्रिंगच्या टोकापासून 0.6 मीटर वरून ब्लॉक सोडला, g = 10, तर स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल?

K+U ने जाणारा आधी शून्य पातळी ठरवतो आणि बहुतेक जण ती स्प्रिंगच्या टोकाशी धरतात, कारण तीच डोळ्यांना दिसते. सुरुवातीला mgh म्हणजे 6 ज्यूल, शेवटी ½kx², झालं, उत्तर साधारण 17 सेंटीमीटर. पण ब्लॉक टोकाच्या खाली x ने गेलाय, तिथली स्थितिज ऊर्जा −mgx आहे आणि ती लिहायचीच राहते. गंमत म्हणजे 17 हा आकडा दिसायला इतका बरा दिसतो की कुणाला शंकाच येत नाही. शून्य पातळी सगळ्यात खालच्या बिंदूला धरली तर ही भानगड मिटते हे खरंय, पण तो बिंदू कुठे आहे हेच तर शोधायचंय, म्हणून मुलं तिथे धरायला कचरतात.

W = ΔK ने जाताना पातळीचा प्रश्नच येत नाही. फोर्सेस दोनच, ग्रॅव्हिटी आणि स्प्रिंग. सुरुवातीला ब्लॉक स्थिर आणि शेवटीही क्षणभर स्थिर, म्हणून ΔK शून्य. ब्लॉक एकूण किती खाली आला? 0.6 + x. म्हणून

10(0.6 + x) − 200x² = 0

आणि x येतो 0.2 मीटर, म्हणजे 20 सेंटीमीटर. "हा फोर्स असताना वस्तू किती सरकली" असं विचारलं की तो जास्तीचा x आपोआप येतो, माझा कल या वाटेकडे झुकला तो मुख्यतः यामुळेच. (काही जण इथे kx = mg लावून 2.5 सेंटीमीटर काढतात, ते उत्तर स्पीड जास्तीत जास्त कुठे असेल याचं आहे, थांबतो कुठे याचं नाही.)

फ्रिक्शन आलं की हा फरक अजून जाणवतो. 1.8 मीटर उंचीच्या गुळगुळीत उतारावरून ब्लॉक सुटला आणि पुढे सपाट खडबडीत फरशीवर μ = 0.3 आहे, तर थांबेपर्यंत mgh − μmgd = 0, d = 6 मीटर, वस्तुमान लागतच नाही. K+U वाले इथे फ्रिक्शनचं वर्क वेगळं जोडतात, ते चालतं, पण त्याच झटक्यात ग्रॅव्हिटीचं वर्कही जोडलं जातं आणि mgh दोनदा मोजला जातो. उत्तर बरोबर दुप्पट, 12 मीटर आलं तर समजायचं हेच झालंय. ग्रॅव्हिटी एकतर U मध्ये ठेवायची नाहीतर W मध्ये, दोन्हीकडे नाही.

तरी K+U ला सोडू नका. पेंड्युलम, लूप, किंवा पुलीवरचे दोन ब्लॉक यात त्याने गणित लवकर सुटतं, पुलीच्या गणितात एकेका ब्लॉकला वर्क-एनर्जी लावली तर दोरीचं टेन्शन मध्ये येतं, दोन्ही मिळून K+U मांडलं की ते कटून जातं. एस्केप व्हेलॉसिटीतही −GMm/r तयार मिळतं, इंटिग्रेशन परत करावं लागत नाही. उलट फोर्स आणि अंतराचा ग्राफ दिला असेल तर खालचा एरिया म्हणजेच वर्क, तिथे मी तरी दुसरीकडे बघत नाही.

पॉवरचंही तसंच. इंजिनाची पॉवर कायम आहे आणि गाडी स्थिर अवस्थेतून निघाली तर, रेझिस्टन्स सोडून, Pt = ½mv², म्हणजे वेळ चौपट झाला की वेग दुप्पट. इथे v = u + at लावलं की गणित चुकलं, कारण पॉवर कायम असताना वेग वाढतो तसा फोर्स कमी होत जातो.

आणि गोळी लाकडाच्या ठोकळ्यात रुतून ठोकळा वर झुलतो त्या गणितात रुतण्याच्या क्षणाला K+U नकोच, गोळीची बरीचशी ऊर्जा तिथेच उष्णतेत जाते. आधी मोमेंटमने दोघांचा मिळून वेग काढायचा आणि मग झुलण्यासाठी दोन्हीपैकी हवं ते लावायचं.