घरचा कोंबुचा की गाजर-बीटाची कांजी? घरात गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर काय निवडावं

कोल्हापुरात हिवाळ्यात मंडईत लाल गाजरं आली की बरण्या भरायचा विचार सुरू होतो. समोर दोन पर्याय असतात. एक, चहा-साखरेचा कोंबुचा. दुसरी, गाजर, बीट आणि मोहरीची कांजी. दोन्ही आंबट आणि दोन्ही न उकळता प्यायची, पण दोन्हींतला धोका सारखा नाही. फरक पडतो तो पहिल्या तीन दिवसांत.

आंबवलेलं पेय सुरक्षित राहतं ते आम्लामुळे. हे आम्ल पीएचमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितकं पेय आंबट. 4.6 च्या खाली बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही. तयार पेय 4 च्या खाली असावं. प्रश्न एवढाच की बरणी भरल्यापासून तिथवर पोचायला किती वेळ लागतो आणि मधल्या काळात आत काय असतं.

दोन लिटर कोंबुच्याला दोन लिटर पाणी, 10 ते 12 ग्रॅम चहापत्ती आणि 140 ग्रॅम साखर लागते. पाणी उकळून त्यात चहा-साखर घालतात, गाळून पूर्ण गार करतात, मग आधीच्या खेपेतला 300 ते 400 मिली आंबट कोंबुचा विरजण म्हणून घालून वर आधीच्या कोंबुच्यावर जमलेली चकती सोडतात. या विरजणामुळे मिश्रण पहिल्याच तासाला आम्लधर्मी होतं. पीएच 4.5 किंवा त्याखाली आला पाहिजे. वर राहिला तर आणखी विरजण घाला. नुसती चकती टाकून विरजण वाचवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण चकती म्हणजे मुख्यतः जंतूंनी विणलेला पापुद्रा. खरी ताकद त्या आंबट पाण्यात असते. सातव्या दिवशी पीएच साधारण 2.5 ते 3.5 मध्ये यायला हवा. तरीही 4.2 च्या वर असेल तर ती खेप टाकून द्यावी.

कांजीचं गणित उलटं आहे. दोन लिटर पाणी, 400 ग्रॅम गाजर, 100 ग्रॅम बीट, 20 ग्रॅम भरडलेली मोहरी. मीठ फक्त पाण्याच्या नव्हे, पाणी आणि भाजी मिळून होणाऱ्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे अडीच किलोला 50 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा, खडा मीठ आणि बारीक मीठ यांचा एक चमचा सारखा भरत नाही. इथे विरजण नसतं. सुरुवातीचा पीएच 6 च्या आसपास असतो आणि तो खाली आणायचं काम भाजीवरच्याच लॅक्टिक जंतूंनी करायचं असतं. ते काम होईपर्यंत मातीतून आणि पाण्यातून आलेल्या जंतूंनाही तीच बरणी मोकळी असते. म्हणून कांजीत पाणी उकळून गार केलेलंच हवं, गाजर-बीटाची साल काढलेली हवी आणि भाजी पाण्याखाली दबलेली हवी. तीन दिवसांत पीएच 4.6 च्या खाली गेला नाही तर ती चाखूही नका. डिसेंबरच्या थंडीत हे काम रेंगाळतं, तेव्हा बरणी स्वयंपाकघरातल्या उबदार जागी ठेवा.

चवीवर भरवसा ठेवू नका. कोंबुच्यातली साखर आंबटपणा झाकते आणि मोहरीचा झणका कांजीला तयार झाल्यासारखं भासवतो. कागदी पट्टी स्वस्त असते, पण बीटाचा लाल रंग पट्टीवर चढतो आणि आकडा चुकतो. कांजीसाठी पीएच मीटर घ्या आणि 4 व 7 च्या द्रावणात तो जुळवून घ्या.

आणखी एक गैरसमज म्हणजे लवकर फ्रिजमध्ये ठेवली की सुरक्षित. अर्धवट आंबलेली कांजी फ्रिजमध्ये गेली की आम्ल बनणं मंदावतं. लिस्टेरिया हा जंतू मात्र थंडीतही वाढू शकतो, आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे काही घातक प्रकार आम्लात थंडीमुळे उलट जास्त काळ टिकतात. कॅनडात 2021-22 च्या हिवाळ्यात किमचीतून असा ई. कोलाय पसरला होता, म्हणजे आंबवलेली भाजी म्हणून ती आपोआप निर्जंतुक होत नाही. आधी पीएच 4 च्या खाली येऊ द्या, मग फ्रिज.

बरणीबाबत मात्र कोंबुचाच जास्त हट्टी. काचेची बरणी घ्या. लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्ल ते ओढून घेतं. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याला चिनी मातीच्या भांड्यातल्या कोंबुच्यामुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. पितळ आणि ॲल्युमिनियमही नको.

बिघाड असा ओळखायचा. कोंबुच्यावर कोरडा, लोकरीसारखा हिरवा, काळा किंवा पांढरा ठिपका म्हणजे बुरशी. चकती धुऊन वाचवू नका, सगळंच टाका. पावसाळ्यात हे जास्त घडतं, शिवाय चिलटं पातळ जाळीतून आत शिरतात, म्हणून दाट विणीचं सुती कापड रबराने आवळा. कांजीवरची पातळ, सपाट पांढरी साय बहुधा यीस्टची असते. ती लगेच काढा, कारण हे यीस्ट आम्ल खातं आणि पीएच पुन्हा चढतो. केसाळ बुरशी, बुळबुळीतपणा किंवा कुजकट वास आला की सगळी कांजी फेकावी.

आता ज्यासाठी हा आढावा आहे ते घर घ्या. चौघांपैकी सून पाच महिन्यांची गरोदर, सासरे दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, मुलगा आणि सासू धडधाकट. मुलगा आणि सासूला कोंबुचा चालेल. सुरुवात रोज अर्ध्या कपाने, म्हणजे 120 मिलीच्या आसपास करावी. 1995 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या दोन बायकांना रोज कोंबुचा पिताना रक्तातलं आम्ल धोकादायक वाढून गंभीर आजार झाला आणि एक दगावली. कोंबुचाच कारण होता हे सिद्ध झालं नाही, पण आरोग्य यंत्रणेने तेव्हा धडधाकट माणसासाठीही एवढंच प्रमाण बिनधोक असावं असं म्हटलं होतं.

सुनेला दोन्ही नकोत. कोंबुच्यात अल्कोहोल असतं. बाटली घट्ट बंद करून फेस आणला की ते आणखी वाढतं आणि घरी ते मोजता येत नाही. गरोदरपणात अल्कोहोलचं सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही. कांजीत भीती लिस्टेरियाची, आणि पाणी कच्चं असेल तर हिपॅटायटिस ई ची. ही कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून तिची मोठी साथ आली होती. सासऱ्यांना, तसंच केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बदललेल्या माणसालाही हाच नियम, कारण ज्या थोड्या जंतूंना निरोगी शरीर परतवतं त्यांच्यापुढे औषधांनी प्रतिकारशक्ती घटलेलं हे शरीर हरतं. तयार कांजी उकळून द्यावी का? जंतू मरतील, पण बुरशीची विषं उकळूनही टिकतात. त्यांना उकळलेल्या पाण्यातलं ताजं कोकम सरबत द्या.

सुनेने चुकून घोट घेतला तर घाबरू नये, पण तारीख लिहून ठेवा. लिस्टेरियाची लक्षणं काही आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही दिसू शकतात. ताप, अंगदुखी, जुलाब किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि काय प्यायलं होतं तेही सांगा, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल.