स्टेरॉइड कसं उतरवायचं: वजनावर की शरीराच्या क्षेत्रफळावर, रोज की एक दिवसाआड?

नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार, असलेल्या मुलाच्या आईवडिलांना दोन प्रश्न नेहमी पडतात. एक डॉक्टर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस वजनावर काढतात, दुसरे क्षेत्रफळावर, मग बरोबर कुणाचं? आणि गोळी कमी करताना एक दिवसाआड द्यायची की रोज थोडी? डोस ठरवतील तुमचे डॉक्टरच. पण त्यांच्याशी बोलताना दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या.

आधी हिशेब. समजा मूल चार वर्षांचं आहे, उंची 102 सेंटिमीटर, सूज नसतानाचं वजन 16 किलो. उंची आणि वजनाचा गुणाकार करून 3600 ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं साधारण 0.67 चौरस मीटर. रिलॅप्सचा, म्हणजे आजार उलटल्यावरचा, रोजचा डोस चौरस मीटरला 60 मिलिग्रॅम, म्हणजे 40 मिलिग्रॅम. वजनाच्या नियमाने किलोला 2 मिलिग्रॅम धरले, तर होतात 32. म्हणजे लहान मुलाला वजनाच्या हिशेबाने डोस कमीच पडतो. हेच मूल मोठं होऊन 40 किलोचं झालं की दोन्ही हिशेब 60 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेला टेकतात आणि फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट सुजेची. रिलॅप्समध्ये याच मुलाच्या अंगात पाणी साठून वजन 19 किलो झालं, तर वजनाचा डोस 32 वरून 38 वर जातो, क्षेत्रफळाचा 40 वरून 44 वर. सुजेची चूक क्षेत्रफळाच्या हिशेबात कमी शिरते. म्हणून लहान मुलात मला क्षेत्रफळ जास्त पटतं. पद्धत कुठलीही असो, सूज उतरल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तेच सांगा. औषध सिरपचं असेल तर बाटली नीट वाचा: 5 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि 15 मिलिग्रॅमचंही. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर डोस तिप्पट होतो किंवा एक तृतीयांशावर येतो.

आता उतरवणं. रिलॅप्समध्ये पूर्ण डोस रोज सकाळी, नाश्त्यानंतर, एकदाच. सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिनं सलग तीन दिवस 'नील' किंवा 'ट्रेस' आली की एक दिवसाआडवर यायचं. तेव्हा डोस चौरस मीटरला 40 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मुलाला सुमारे 27. सोयीसाठी बहुतेक डॉक्टर 25 करतील, एक 20 ची आणि एक 5 ची गोळी. हे चार आठवडे चालतं, मग बंद. मधला दिवस रिकामा ठेवण्याचं कारण म्हणजे त्या दिवशी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना स्वतःचं काम करायला वाव मिळतो आणि उंचीची वाढही कमी खुंटते. हळूहळू उतरवलं की आजार परत येणार नाही असं पुष्कळांना वाटतं. निदान पहिल्या झटक्यापुरतं तरी ते खरं ठरलं नाही: ब्रिटनमधल्या 2019 च्या प्रेडनॉस चाचणीत 16 आठवड्यांच्या कोर्सने 8 आठवड्यांच्या कोर्सपेक्षा रिलॅप्स कमी झाले नाहीत.

ज्याला वारंवार रिलॅप्स होतात, त्या मुलाचं वेगळं. त्याला एक दिवसाआड छोटा डोस महिनोन्महिने चालू ठेवतात, किलोला 0.5 ते 0.7 मिलिग्रॅम, आपल्या मुलाला साधारण 10. याला पर्याय रोजच्या लहान डोसचा, किलोला सुमारे 0.25, म्हणजे 4 मिलिग्रॅम. पंधरवड्याला पहिल्या पद्धतीत 70 मिलिग्रॅम जातात, दुसरीत 56. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या तुलनेत रोजच्या लहान डोसवर रिलॅप्स कमी झाले. माझं मत असं: एक दिवसाआडच्या डोसवर मूल टिकत असेल तर बदल करू नका. सर्दीखोकला झाला की दर वेळी लघवी तपासायच्या पट्टीवर प्रथिनं चढत असतील, किंवा 'आज गोळीचा दिवस की सुट्टीचा' असा घरात गोंधळ होत असेल, तर रोजच्या डोसचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा. दोन्हींवर भागत नसेल, तर स्टेरॉइड वाढवत बसण्यापेक्षा लेव्हामिसोलसारख्या औषधाची चर्चा करायची वेळ आली आहे.

पट्टी मात्र कुठल्याही पद्धतीत सोडू नका. सलग तीन सकाळी 3+ किंवा जास्त म्हणजे रिलॅप्स, मग डोळ्यांभोवती सूज दिसो वा न दिसो. एखाद्या सकाळी 1+ दिसलं तर डोस स्वतः वाढवू नका, रोज तपासत राहा. आणि बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं मूल, ते नुकतंच बंद झालेलं असलं तरी, तापात सारखं उलट्या करू लागलं, गळून गेलं, गुंगीत राहू लागलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा की याला स्टेरॉइड चालू होतं. अशा मुलाची ग्रंथी आजारपणात पुरेसं हार्मोन बनवू शकत नसते आणि ते इंजेक्शनने लगेच द्यावं लागतं.