पोस्टरसाठी फिल्टर की हाताने रंगकाम?

'हॉलो नाइट' या व्हिडिओ गेमचा स्क्रीनशॉट. गिम्प या फोटो-एडिटरमधला Oilify फिल्टर मिनिटभरात सगळं चित्र रंगवल्यासारखं करतो; गुहेचे खडक, धुकं झकास दिसतात. पण त्याचा फटकारा सगळीकडे एकाच मापाचा. गेमचा मुखवटाधारी नायक, नाइट, पडद्यावर इवलासा, त्यामुळे मुखवट्याचे काळे डोळे पांढऱ्यात विरघळतात आणि शिंगं बोथट होतात.

क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या लेअरवर हाताने रंगवायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. आधी चित्र मोठं करायचं: १९२० पिक्सेल रुंदी ए३ छपाईला अपुरी, ३०० डीपीआयला सुमारे ४९६० लागतात. मग मुखवट्याची कड धारदार, मागचा रंग गडद.

मी पार्श्वभूमी फिल्टरवर सोडतो, नाइट मात्र हातानेच. चित्र कृष्णधवल करून अंगठ्याएवढं केलं, तरी डोळे दिसले पाहिजेत.