"स्नेकप्रूफ, स्टील प्लेटवाले" बूट घेताय? आधी हे वाचा

मी सुपे-बारामती पट्ट्यातल्या माळरानावर पक्षी, चिंकारा बघायला येणाऱ्यांना पायी फिरवतो. जमीन म्हणजे मुरूम, सुटे गोटे, बाभळी, हिवर, बोरी, आणि दगडाखाली फुरसं कधी असेल सांगता येत नाही. त्यामुळे बूट हा आमच्यासाठी चैनीचा विषय नाही, आणि हे त्या विकणाऱ्याला बरोब्बर माहीत होतं.

गडी गाडीत माल भरून आलेला, गाइड आणि वॉचर लोकांनाच गाठत होता. दहा इंची, अस्सल रबर सोल, आत पूर्ण स्टीलची प्लेट, साप चावला तरी दात आत जात नाही, किंमत 2,800. आणि मग त्याचा हुकमी डाव, खिशातून लोहचुंबक काढलं आणि बुटाच्या पुढच्या टोकाला लावलं, टक्कन चिकटलं. "बघा दादा, अख्खी प्लेट आहे खालून." आम्ही तिघाचौघांनी तिथंच घेतले.

पहिल्या आठवड्यातच वाळलेल्या बाभळीच्या फांदीवर पाय पडला आणि काटा सोलमधून थेट टाचेत. बाभळीचा काटा दोन इंचाचाही असतो हो, पण प्लेट असती तर तो मोडायला पाहिजे होता. म्हणून घरी येऊन तो बूट हॅक्सॉ ब्लेडनं मधोमध कापला. टोकाला बोटांवर स्टीलची वाटी, तेवढीच. चुंबक तिलाच चिकटलं होतं. पुढे टाचेपर्यंत पुठ्ठ्यासारखा जाड बोर्ड आणि खाली फोम. सोलचा तुकडा बादलीत टाकला तर तरंगायला लागला. भरीव रबर बुडतं, हा हलका पीयू, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक होता. पीयू वाईट असतो असं नाही, कारखान्यात सपाट फरशीवर चांगला चालतो, पण धारदार मुरमावर त्याच्या गुठळ्या लवकर झिजतात आणि मग सुट्या गोट्यांवरनं उतरताना पाय सटकतो.

उंचीतही काशी केलेली. दहा इंच त्यानं जमिनीपासून धरले होते, म्हणजे सोल आणि टाचेची जाडी पण हिशोबात. इनसोलवर टेप टेकवून आतून वर मापलं तर आठसुद्धा भरेना. फुरसं छोटं असतं, बसल्या जागेवरून पावलाला नाहीतर घोट्याला मारतं, तिथं आठ इंच चांगलं कामाला येतं. पण घोणस मोठी, तिचे दात लांब, ती नडगीपर्यंत येऊ शकते. तिच्यासाठी दहा-बारा इंच पाहिजे आणि ते जाड चामड्याचं पाहिजे. यांच्या बुटाला घोट्यापर्यंत चामड्यासारखं काहीतरी आणि वर नुसतं नायलॉन आणि स्पंज. सुई लावून बघितली, काही जोर न लावता आरपार. कसला स्नेकप्रूफ!

आता मी दुकानात असा बघतो. इनसोल उचलायचा आणि चुंबक आतून टाचेवर आणि मधल्या कमानीवर फिरवायचं. तिथं खेचलं तरच प्लेट (बाहेरून सोलला लावून काही कळत नाही, रबर जाड असतं). कापडी थराची प्लेट पण येते, ती चुंबकाला कळणार नाही, आणि बारीक काट्याला ती स्टीलएवढी भरवशाची मला तरी वाटत नाही. मग छाप बघायचा. आयएसआय चिन्हाच्या वर सेफ्टी बुटांचा मानक क्रमांक IS 15298 आणि खाली लायसन्स नंबर असतो, तो लायसन्स नंबर BIS Care ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. माझ्या बुटावर चिन्ह होतं, नंबरच नव्हता. शिवाय जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे का ते बघा, नाहीतर कुसळं आणि खडे सगळे आत.

काहीजण म्हणतात गमबूट घाल. सापासाठी ठीक आहे, पण गोट्यांवर घोट्याला धरच नसतो आणि बोरीचा काटा त्याच्या बाजूनं सहज घुसतो.

विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद. बिलावर फक्त "शूज 1 जोड" लिहिलेलं, ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर लावला तर त्यांनी पहिलं बिलच विचारलं, आता त्यावर ना प्लेट ना रबर, सिद्ध काय करणार? बिलावर "स्टील मिडसोल, रबर सोल, आतून उंची इतके इंच" असं लिहून मागा. नुसतं मागितलं तरी दुकानदाराचा चेहरा बरंच सांगतो. आणि खरी प्लेट असली तरी ती कडेपर्यंत नसते, सोल आणि चामडं जिथं जुळतं तिथून काटा येऊ शकतो, त्यामुळे वाळलेल्या फांदीवर मी अजूनही पाय देत नाही.